आठ हजार डॉलरचा भाव

"सध्या बरा चढलाय हां," माझ्या मागे उभा असलेला माणूस फोनवर म्हणाला. "नव्वदला टेकतोय. पगार येऊ दे आता लवकर."

आवाजावरून आणि पायातल्या भारी बुटांवरून तो बोटीवरून सुट्टीवर आलेला वाटत होता. आमच्याकडे असे पुरुष लगेच ओळखू येतात. ते बँकेत आले की आधी काउंटरकडे नाही, भिंतीवरच्या परकीय चलनाच्या फलकाकडे बघतात. माझे बाबाही तेच करत होते. मान वर, हात पाठीमागे, चष्मा कपाळावर सरकवलेला. मागच्या माणसाचं बोलणं त्यांनी ऐकलं आणि माझ्याकडे वळून डोळे बारीक करून हसले. आपण योग्य दिवशी आलो, असं त्यांना म्हणायचं होतं.

मी हसले नाही. डॉलर चढला होता, आणि आम्ही आज डॉलर घ्यायला आलो होतो.

बाबांना ते माहीत नव्हतं. म्हणजे, पैसे पाठवायचे आहेत हे त्यांना माहीत होतं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने मला सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमासाठी जागा दिली होती. कर्ज मंजूर झालं होतं, पण जागा पक्की होण्यासाठी आठ हजार डॉलर आधी आपल्या खिशातून भरायचे होते. पुढच्या मंगळवारपर्यंत ते पूर्ण पोहोचायला हवेत, वाटेतल्या कुठल्याही बँकेचे चार्जेस पाठवणाऱ्याने सोसायचे, आणि रक्कम एका डॉलरने जरी कमी आली तरी जागा पुढच्या विद्यार्थ्याला जाईल, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं होतं की मला त्यातले स्वल्पविरामसुद्धा पाठ होते. आज बुधवार होता.

बाबांना जे कळलं नव्हतं ते वेगळंच होतं, आणि ते समजायला त्यांचं आयुष्य सांगावं लागेल.

ते एकतीस वर्षं बोटीवर इंजिनरूममध्ये फिटर होते. पगार डॉलरमध्ये. दर महिन्याला कंपनी त्यातला भाग घरी पाठवायची, त्याला ते अलॉटमेंट म्हणत. मांडवीत आमच्या आळीत अशी चार-पाच घरं होती, आणि त्या घरांमध्ये डॉलरचा भाव हा हवामानासारखा विषय होता. भाव चढला की आई मिरकरवाड्याच्या बंदरावरून पापलेट आणायची, पडला की बांगडा. मी तिसरी-चौथीत असताना मला भागाकार नीट येत नव्हता, पण डॉलर वर गेला की चांगलं आणि खाली आला की वाईट, हे मला येत होतं. बाबा कायमचे घरी परतल्यावर शेजारच्या बायका त्यांना विचारायला यायच्या, "भाऊ, आज काय चाललाय हो? आज वटवू की थांबू?" बाबा वर्तमानपत्र बाजूला ठेवून विचार करायचे आणि सांगायचे, "थांबा दोन दिवस. चढेल." आणि बहुतेक वेळा तो चढायचाच. गुडघ्यामुळे त्यांना आता जिनाही नीट चढता येत नाही, बाग आईच बघते, टीव्हीचा रिमोट तिच्याकडे असतो. डॉलर मात्र त्यांचा होता.

म्हणून मंगळवारी दुपारी, म्हणजे आदल्या दिवशी, आम्ही स्टँडजवळच्या परकीय चलनाच्या ऑफिसात गेलो तेव्हा पुढे काय होणार आहे याचा मला अंदाज यायला हवा होता.

एकच शटर, आत दोन खुर्च्या, काचेमागे माझ्याच वयाची एक मुलगी. शिक्षणासाठी बाहेर पैसे पाठवायचा परवाना भिंतीवर फ्रेम करून लावलेला. मी नेटवर आधीच वाचलं होतं म्हणून तो वाचून बघितला आणि मग बसले. तिने बाबांना विचारलं, कुठे, किती, कशासाठी, आणि एका चिठ्ठीवर सगळं लिहून दिलं. भाव अठ्ठ्याऐंशी रुपये नव्वद पैसे. त्यांची फी पंधराशे. वाटेतल्या बँकांनी काही कापू नये, पूर्ण रक्कम पोहोचावी, म्हणून बाराशे वेगळे. त्यावर जीएसटी, आणि चलन बदलण्यावरचा जीएसटी वेगळा. सगळ्यात खाली एक आकडा गोल करून: सात लाख पंधरा हजार एकशे सोळा.

बाबांनी चिठ्ठी लांब धरली, मग जवळ धरली.

"फी पंधराशे? आणि वर बाराशे?"

"हो काका, पण पूर्ण आठ हजार पोचतील. गॅरंटी."

"आणि भाव हा? अठ्ठ्याऐंशी?" त्यांनी मला कोपराने हलकेच ढोसलं. "बँकेत सकाळी फलक बघून आलो मी. एकोणनव्वद पंच्याण्णव आहे. फी फक्त पाचशे. रुपयाच्या वर कमी भाव लावता?"

ती मुलगी गोंधळली. "पण काका, पाठवायला कमी भावच बरा ना..."

बाबा उठले होते. त्यांच्यासाठी ते बोलणं म्हणजे दुकानदाराची बतावणी होती. एकतीस वर्षांत मनिला, सिंगापूर, रॉटरडॅम, सगळीकडे ज्याने कमी भाव दिला त्याच्याकडे त्यांनी कधी डॉलर दिले नव्हते. "फसवायला बसलेत," ते बाहेर येऊन म्हणाले, आणि ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की काचेमागच्या मुलीने ऐकलं असणार. मी तिच्याकडे वळून बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. तू सांग ना, असा तिचा चेहरा होता. मी चप्पल घातली.

स्कूटरवर मी मागे बसले होते. समुद्राकडून वारा येत होता आणि मी मनात वाक्य जुळवत होते. बाबा, तुम्ही नेहमी डॉलर विकत होतात. आता आपण घेतोय. एवढंच. लहान मुलालाही सांगता येईल. मांडवीच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत मी ते वाक्य पाच वेळा म्हटलं, ओठ न हलवता, आणि मग घर आलं.

आईला ते पडवीतूनच सांगत सुटले. "स्टँडवरचे चोर आहेत. बँकच बरी. भाव जास्त आणि फी कमी, दोन्हीकडून फायदा."

"मग द्या भरून उद्या," आई म्हणाली. तिचे हात नारळ खवण्यात होते. "ही काय म्हणते?"

"ती काय म्हणणार," बाबा म्हणाले. वाईट हेतूने नाही. मी कधी काही म्हणतच नाही, एवढंच त्यात होतं.

मी खोलीत जाऊन हिशेब मांडला. आधी वहीत, मग फोनवर, मग पुन्हा वहीत. बँकेत आठ हजार डॉलरचे सात लाख एकोणीस हजार सहाशे. फी आणि दोन्ही जीएसटी धरून सात लाख वीस हजार नऊशे अठ्ठावीस. म्हणजे फी हजार रुपयांनी कमी असूनही तिथे सुमारे पाच हजार आठशे जास्त जात होते, कारण भावातला एक रुपया पाच पैशांचा फरक आठ हजारांनी गुणला जात होता. फी एकदाच लागते, भाव प्रत्येक डॉलरला लागतो. आणि बँकेच्या पाचशेत वाटेतल्या बँकेचं काही धरलेलं आहे की नाही, ते फलकावर लिहिलेलं नव्हतं.

खात्यात सात लाख एकवीस हजार तीनशे होते. बाबांची मोडलेली ठेव, आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये दोन वर्षं रक्ताचे रिपोर्ट टाइप करून मी साठवलेले एक लाख नव्वद हजार. त्यातून उरणाऱ्या पैशात मला व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईला जाऊन यायचं होतं. स्टँडच्या चिठ्ठीप्रमाणे सहा हजार उरत होते. बँकेच्या हिशेबाने पावणेचारशे.

मी तो तक्ता बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवला. बाबा दहा फुटांवर झोपाळ्यावर बसले होते. फोन वाजलेला मला ऐकू आला. समोर जाऊन बोलण्यापेक्षा हे मला सोपं वाटलं, आणि त्या वेळी मला त्यात काही विचित्रही वाटलं नाही. आकडे माझ्या डोक्यात इंग्रजीतच चालतात, तशी शाळा होती, म्हणून तक्ताही इंग्रजीत होता. खाली एक ओळ लिहिली होती की दुसरी सेवा आपल्याला कमी खर्चाची पडते. दोन निळ्या खुणा आल्या. मग अंगठा आला.

मी सुटकेचा श्वास सोडला. त्यांना पटलं. मी जेवले, आईशी आमसुलांबद्दल बोलले, उद्याचे कपडे काढून ठेवले. बुधवारी सकाळी बाबा केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते.

"चल गो बाय, बँक उघडेल."

"बाबा, तो तक्ता बघितलात ना?"

"बघितला तर. छान केलास." त्यांनी स्कूटरची किल्ली शोधायला सुरुवात केली. "तुझ्या काकांना पण पाठवला. म्हटलं बघ, पोरीने कसं टेबल बनवलंय."

तेव्हाही मी बोलू शकले असते. पडवीत आम्ही दोघंच होतो. पण त्यांनी तो तक्ता वाचलाच नव्हता, मुलीने केलेलं काहीतरी म्हणून कौतुकाने पुढे पाठवला होता, आणि हे कळल्याचं त्यांना कळू देणं मला जमेना. मी हेल्मेट घातलं. बँकेत गेल्यावर तिथला अधिकारीच सांगेल, असं मी स्वतःला समजावलं. त्याचं कामच आहे ते.

रांग संपली आणि आम्ही काउंटरच्या बाजूच्या टेबलाशी बसलो. अधिकारी कोल्हापूरकडचा होता, नवीन बदली होऊन आलेला, बोलण्यावरून लगेच कळत होतं. त्याने बाबांचं पॅन कार्ड घेतलं, विद्यापीठाचं पत्र घेतलं, फॉर्म पुढे केला. कशासाठी पाठवताय त्याचा कोड त्याने स्वतः भरला. दहा लाखांच्या आत आहे म्हणून आगाऊ कर कापला जाणार नाही, असं सांगितलं. सगळं नीट, भरभर. मी त्याच्याकडे बघत राहिले. आता सांगेल. आता.

"आजचा रेट एकोणनव्वद पंच्याण्णव लागंल, काका."

"बघ," बाबा मला म्हणाले. मग त्याला म्हणाले, "स्टँडवरचे अठ्ठ्याऐंशी नव्वद देत होते. म्हटलं नको."

अधिकाऱ्याने मान वर केली. एक क्षण त्याच्या भुवया जवळ आल्या. त्याने बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग संगणकाकडे. मला वाटतं त्याला वाटलं असावं की या माणसाचा बँकेवर विश्वास आहे, त्यासाठी तो जास्त मोजायला तयार आहे. अशीही माणसं असतात. की आपण बोललो तर गिऱ्हाईक जाईल, असं वाटलं असेल. मला ठरवता आलं नाही. त्याने फक्त विचारलं, "म्हणजे इथनंच करायचं ना?"

"इथूनच."

भिंतीवरचा फलक मला बसल्या जागेवरून दिसत होता. त्यावर डॉलरसमोर दोन आकडे होते. पहिला सत्याऐंशी रुपये वीस पैसे, बँक ज्या भावाने डॉलर घेते तो. दुसरा एकोणनव्वद पंच्याण्णव, ज्या भावाने देते तो. बाबांनी आयुष्यभर पहिलाच रकाना वाचला असणार. आणि काल सकाळी दुसऱ्यातला मोठा आकडा दिसल्यावर, तो चढलेला भाव समजून त्यांना आनंद झाला असणार.

"आता चार्जेस," अधिकारी म्हणाला. "आमची फी पाचशे अधिक जीएसटी. बाहेरच्या बँकेचे चार्जेस तुम्ही घेणार का समोरच्यावर टाकायचे?"

"म्हणजे?"

"तुम्ही घेतले तर चौदाशे आणि जीएसटी अजून. मग पूर्ण आठ हजार पोचत्यात. नाही घेतले तर वाटेतली बँक कापून घेती. वीस, पंचवीस डॉलर. सांगता येत नाही."

बाबांनी खिशातून कागद काढला आणि बेरीज करू लागले. त्यांच्या पेनाचं टोपण ते नेहमी दातात धरतात. मला बेरीज आधीच दिसत होती. सात लाख बावीस हजार पाचशे ऐंशी. खात्यात तेवढे नव्हते.

त्यांचाही आकडा आला. त्यांनी टोपण तोंडातून काढलं, कागदाची घडी केली, आणि खुर्चीत मागे टेकले. मला तो चेहरा माहीत होता. आता ते अनुभवाचं काहीतरी सांगणार होते.

"वीस डॉलरने काय होतंय," ते म्हणाले. "माझी अलॉटमेंट यायची तेव्हापण कायम कमी यायची. दहा कापले, पंधरा कापले. हिच्या आईला वाटायचं मीच वाटेत खाल्ले." ते हसले, अधिकारीही हसला. "समोरच्यावर टाका. एवढं मोठं विद्यापीठ, वीस डॉलरसाठी अडतंय होय?"

"पत्रात काय लिहिलंय बघा तेवढं," अधिकारी म्हणाला. पण पत्र त्याच्या फायलीत खाली गेलं होतं आणि त्याचा हात कीबोर्डवर होता.

"लिहितात सगळे तसं."

अडतंय. नेमकं त्याच वीस डॉलरसाठी अडणार होतं. त्या क्षणी मला तो मंगळवार दिसला, सात हजार नऊशे ऐंशी डॉलर कुठल्यातरी पडद्यावर उमटलेले, आणि कोणीतरी एक बटण दाबून माझं नाव यादीतून काढणारं. तिथल्या त्या माणसाचा काहीच राग येण्यासारखं नव्हतं. पत्रात लिहिलेलं होतं.

"रेट ब्लॉक करू?" अधिकाऱ्याने विचारलं. "मुंबईहून आलेला रेट आहे, दहा मिनिटं राहतो. एकदा ब्लॉक केला की मग बदलता येत नाही."

"करा," बाबा म्हणाले, आणि चेकबुक उघडलं.

मागच्या बाकावर तो बोटीवरचा माणूस अजून फोनवर होता. मला त्याचं बोलणं ऐकू येत होतं, पंख्याचा आवाज ऐकू येत होता, बाबांच्या पेनाचा कागदावर घासण्याचा आवाज. ते माझ्यासाठी चेक लिहीत होते. अक्षरं मोठी, सुटी, एकेक तपासून. अंक चुकला की बँक परत करते म्हणून. या माणसाला मी त्याच्या स्वतःच्या विषयात, परक्या माणसासमोर, चूक कशी म्हणू? आणि नाही म्हटलं तर आयुष्यभर हे कोणाच्या नावावर राहणार? त्यांच्याच. माझ्या गप्प बसण्यामुळे उद्या त्यांना कळणार होतं की मुलीची जागा त्यांनी घालवली, आणि मी ती आदल्या दिवसापासून जाताना बघत होते.

अधिकाऱ्याचं बोट माउसवर गेलं. मी हात पुढे केला आणि टेबलावर, त्याच्या आणि पडद्याच्या मध्ये, ठेवला. का, ते मला अजून कळलेलं नाही. मला कोणी शिकवलेलं नव्हतं. अधिकारी दचकला. बाबांनी मान वर केली. टोपण पुन्हा त्यांच्या दातात होतं.

"काय गो?"

माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. मागच्या माणसाचं फोनवरचं बोलणं थांबलं, एवढा.

"थांबा, ब्लॉक नका करू," मी म्हणाले. "बाबा, आज आपण डॉलर विकत नाही, विकत घेतोय. जास्त भाव म्हणजे आपलेच जास्त पैसे. आणि पूर्ण आठ हजार पोचले नाहीत तर माझी जागा जाईल. यांना विचारा स्टँडच्या भावाला देतात का, पूर्ण रक्कम पोचवण्यासकट. नाहीतर आपण तिकडे जाऊ. विचारा बाबा, मला तुमच्यासारखं भावाचं विचारता येत नाही."